सहाव्या रात्रीचे चोंदलेले नाक

(दृश्य: रात्रीची खोली. उशीशेजारी दहा मिलिलिटरची छोटी बाटली. एक हात अंधारात ती चाचपतो.)

निवेदन:

पडसे झाले, नाक चोंदले आणि रात्री झोप येईना, म्हणून औषधाच्या दुकानातून नाकात मारायचा स्प्रे आणला गेला. दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारला आणि काही मिनिटांतच श्वास मोकळा झाला. इतका झटपट आराम देणारे औषध घरात सहसा दुसरे नसते. ते तीन दिवस वापरले तर बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. पुढे मात्र एक वेळ अशी येते की नाक सर्दीमुळे नव्हे, तर त्या फवाऱ्यामुळेच चोंदू लागते, आणि ही अदलाबदल रुग्णाच्या लक्षात येत नाही, कारण नाक पहिल्या दिवशी जसे बंद होते तसेच आताही बंद असते.

(दृश्य: नाकाच्या आतील रचनेचे रेखाचित्र.)

नाकाच्या आत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, मऊ आवरणाने झाकलेले हाडाचे उंचवटे असतात. त्यांतला सर्वांत खालचा उंचवटा सर्वांत मोठा असतो. त्याच्या आवरणात रक्त साठवणाऱ्या बारीक पोकळ्यांचे दाट जाळे असते. त्या रक्ताने भरल्या की आवरण फुगते आणि हवेची वाट अरुंद होते. नाक चोंदते ते केवळ शेंबडामुळे, असा आपला समज असतो. पण पुष्कळदा अडथळा या फुगलेल्या आवरणाचाच असतो, आणि म्हणूनच कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही.

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही या स्प्रेमधली नेहमीची दोन औषधे आहेत. रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा आदेश शरीर नॉरअ‍ॅड्रेनलिन या द्रव्याच्या मार्फत देत असते, आणि ही औषधे तोच आदेश बाहेरून आणि अधिक जोराने देतात. पोकळ्या रिकाम्या होतात, आवरण ओसरते आणि हा परिणाम कित्येक तास टिकतो. मात्र रोज बाहेरून हुकूम मिळू लागला की तो स्वीकारणारी पेशींवरील ग्रहणकेंद्रे हळूहळू प्रतिसाद देईनाशी होतात आणि शरीर स्वतःचा आदेशही कमी पाठवू लागते, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. त्यामुळे औषधाचा अंमल उतरताच रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे काही उरत नाही आणि आवरण पूर्वीपेक्षा जास्त फुगते. वैद्यकात या अवस्थेला र्‍हायनायटिस मेडिकामेंटोझा, म्हणजे औषधामुळे झालेला नासिकाशोथ, असे म्हणतात.

(दृश्य: बाटलीवरील लेबल, मग माहितीपत्रकाची घडी उलगडणारे हात.)

मग किती दिवस वापरावे? अमेरिकेत ऑक्सिमेटाझोलिनच्या लेबलावर तीन दिवसांची मर्यादा छापलेली असते. झायलोमेटाझोलिनच्या काही माहितीपत्रकांत ती प्रौढांसाठी सात दिवसांपर्यंत जाते, आणि अनेक डॉक्टर तीन ते पाच दिवस सांगतात. आकडे वेगवेगळे असण्याचे कारण असे की प्रत्येकाचे नाक सारख्याच दिवशी बिघडत नाही. काहींना आठवड्याच्या आतच त्रास सुरू होतो, तर काहींना कित्येक आठवडे होत नाही. आपण कोणत्या गटात मोडतो हे आधी कळण्याची सोय नसल्यामुळे स्वतःच्या मनाने वापरताना तीन दिवस हीच मर्यादा धरणे शहाणपणाचे आहे, आणि पाच दिवसांपलीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. साध्या पडशात नाक सर्वाधिक चोंदते तेही बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांतच, त्यामुळे ही मर्यादा गरजेला पुरते. हे मोठ्या माणसांपुरते झाले. लहान मुलांसाठी, तसेच उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांनी, पहिला फवारासुद्धा डॉक्टरांना विचारूनच मारावा.

खरी अडचण बाटलीच्या आकारात आहे. मोजून फवारा देणाऱ्या एका प्रकारच्या बाटलीतून प्रत्येक वेळी साधारण ०.१४ मिलिलिटर औषध निघते, म्हणजे दहा मिलिलिटरमध्ये सुमारे सत्तर फवारे. प्रत्येक नाकपुडीत एक, असे दिवसातून तीनदा वापरले, तरी तीन दिवसांत अठराच फवारे खर्च होतात आणि बाटली तीन-चतुर्थांश भरलेली राहते. उरलेले औषध फेकायला कुणाचा हात धजत नाही, आणि चौथ्या रात्री ते उशीशेजारीच असते.

(दृश्य: ठाण्याची लोकल. चाळिशीतला एक प्रवासी खिशातून बाटली काढतो.)

डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा रुग्णांचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. पावसाळ्यात त्यांना पडसे झाले. शिंका आणि वाहणारे नाक आठवड्यात थांबले. स्प्रे मात्र थांबला नाही. पूर्वी एका फवाऱ्यावर रात्र निघायची, आता तीन-चार तासांत जाग येते. बाटली सात दिवसांत संपते, म्हणजे दिवसाला दहा फवारे, अर्थात दोन्ही नाकपुड्यांत पाच वेळा. ताप नाही, शिंका नाहीत, स्राव जवळजवळ नाही. आहे ते फक्त चोंदलेपण, आणि दोन फवाऱ्यांमधले अंतर सारखे कमी होत चालले आहे. ओळखण्याची खूण हीच. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आत पाहिले, तेव्हा आवरण लालभडक आणि सुजलेले दिसले. मधला पडदा वाकडा नव्हता, कोंबही नव्हते. विचारपूस केल्यावर धुळीची जुनी अ‍ॅलर्जी मात्र निघाली.

उपाय एकच, स्प्रे बंद करणे; पण नाक एकदम बंद पडले की दुसऱ्याच रात्री माणूस परत बाटलीकडे वळतो. म्हणून डॉक्टरांनी आधी फ्लुटिकासोनचा, म्हणजे सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडचा, स्प्रे दिवसातून एकदा सुरू केला. याचा फवारा मधल्या पडद्यावर न मारता कानाच्या दिशेने मारायचा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरली की दिशा आपोआप साधते. याने लगेच मोकळे वाटत नाही, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. नाहीतर तो तिसऱ्या दिवशी निराश होतो. जुना स्प्रे उजव्या नाकपुडीत कायमचा थांबवला, आणि डावीत फक्त झोपताना ठेवला. मधल्या वेळात मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि रात्री डोक्याखाली उंच उशी.

पहिल्या तीन-चार रात्री उजवी बाजू ठार बंद होती. हा काळ सर्वांत कठीण असतो. आठवड्याच्या शेवटी ती थोडी उघडू लागली आणि दहाव्या दिवशी औषधाशिवाय त्या बाजूने श्वास चालू लागला. मग डाव्या बाजूचाही फवारा बंद केला. आता एक नाकपुडी मोकळी असल्यामुळे ती दुसरी बंद राहिली तरी झोप मोडली नाही.

धुळीच्या अ‍ॅलर्जीसाठी फ्लुटिकासोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुढे चालू राहिले. जुन्या स्प्रेबद्दल मात्र डॉक्टरांनी स्पष्ट बजावले की ज्याला हा त्रास एकदा झाला, त्याचे नाक पुढच्या खेपेला आणखी थोड्या दिवसांत बिघडू शकते. तीन दिवसांची सवलत त्यांच्यासाठी आता उरलेली नाही.

(दृश्य: घरातील औषधांचा डबा. पत्नी स्वतःच्या पडशासाठी आणलेल्या नव्या बाटलीवर पेनने तारीख लिहिते: सुरुवात सोमवार, शेवट बुधवार.)