प्रबंध तुमचा, पेटंट कोणाचं?

(नागपुरात संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

एक उदाहरण कल्पून घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. एक विद्यार्थिनी पीएच.डी. करते आहे. विषय आहे पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढणं. चंद्रपूर, यवतमाळकडच्या गावांत हा प्रश्न किती जुना आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तिनं संत्र्याच्या सालीचा कोळसा केला, त्यावर ॲल्युमिनियमचा क्षार बसवला आणि गाळणी तयार झाली. मग ही गाळणी कोणाची?

प्रबंधाचं उत्तर सोपं आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकच पहिला मालक असतो. विद्यार्थी विद्यापीठाचा नोकर नसतो. त्यामुळे तिनं सही करून हक्क लिहून दिला नसेल, तर त्या मजकुराचा कॉपीराइट तिचाच.

पेटंटचा हिशेब मात्र वेगळा आहे. 1970च्या कायद्याप्रमाणे अर्ज खरा आणि पहिला शोधक करू शकतो, किंवा त्यानं ज्याला हक्क लिहून दिला तो. म्हणजे सुरुवात शोधकापासून होते आणि पुढचं सगळं कागदावर ठरतं. तो कागद बहुतेकांनी प्रवेशाच्या वेळी न वाचता सही करून दिलेला असतो. केंद्र सरकारचं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं 2019चं नवोन्मेष धोरण सांगतं, की संस्थेची साधनं किंवा पैसा भरीव प्रमाणात वापरला असेल तर हक्क संस्था आणि शोधक यांचा संयुक्त. अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेचं काहीच न वापरता काम केलं असेल तर हक्क शोधकाचा. वाद झाला तर किमान पाच जणांची समिती बसते. पण हे धोरण मार्गदर्शक आहे. तुमच्या संस्थेचा नियम आणि तुमची सही आधी वाचा. एखाद्या कंपनीचा प्रकल्प असेल, तर तो करारही मागून घ्या.

शोधक कोण, हे मात्र कोणाच्या मर्जीवर नाही. सालीवर ॲल्युमिनियम बसवायची कल्पना गाइडनं दिली असेल, तर गाइड शोधक आहेत. त्यांनी फक्त निधी आणला असेल, प्रयोगशाळा दिली असेल, तर नाहीत. नमुने मोजून देणारा मित्र शोधनिबंधात लेखक असू शकतो, पण तेवढ्यानं तो पेटंटमध्ये शोधक होत नाही. लेखकांची आणि शोधकांची यादी वेगवेगळी ठरवायला हवी. विद्यार्थ्याचं नाव गाळून अर्ज केलेला मी पाहिला आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. अशा वेळी तारखा आणि सह्या असलेली प्रयोगवहीच कामी येते.

आता तारखांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. व्हायवा खुली असते आणि पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहासाठी द्यावी लागते. शोध एकदा लोकांसमोर उघड झाला की त्याचं नावीन्य गेलं. बारा महिन्यांची सूट आहे, पण ती विद्वत्सभेत वाचलेला निबंध किंवा सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरती. तिच्या भरवशावर राहू नका.

आपल्या विद्यार्थिनीची परिषद 14 मार्चला आहे. ती 12 मार्चला तात्पुरतं विवरण, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन देणारा पेटंटचा पहिला अर्ज, दाखल करते. विद्यार्थ्याला ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1,600 रुपये पडतं. आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्थेत हा अर्ज द्यायचा, असा अनेकांचा समज असतो. ती प्रशिक्षण देणारी संस्था आहे. आपले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. शोधाचं सविस्तर वर्णन आणि हक्काचे दावे असलेल्या पूर्ण विवरणाला तिला पुढच्या वर्षीच्या 12 मार्चपर्यंत मुदत मिळते.

मे महिन्यात तिला दिसतं, की ॲल्युमिनियमऐवजी लोह वापरलं तर गाळणी जास्त टिकते. ते ती प्रबंधात लिहिते. 20 ऑगस्टला व्हायवा होते. फेब्रुवारीत पूर्ण विवरण देताना ती लोहही घालते. शोध नवा आहे का, हे ज्या तारखेला धरून पाहतात, ती ॲल्युमिनियमला मार्चची मिळते. लोहाला मिळते फेब्रुवारीची, कारण पहिल्या विवरणात लोहाचा उल्लेखच नव्हता. आणि लोह तर ऑगस्टमध्येच सभागृहात सांगून झालं होतं. म्हणजे तिचीच व्हायवा तिच्या आड आली. ऑगस्टआधी लोहासाठी दुसरं तात्पुरतं विवरण दाखल केलं असतं, तर दोन्ही मिळून एकच पूर्ण विवरण देता आलं असतं. फक्त मुदत पहिल्या अर्जापासून मोजली गेली असती.

मग प्रबंध काही काळ रोखून ठेवावा का? विद्यापीठाकडे लेखी मागणी जरूर करा, पण कारण आणि मुदत दोन्ही लिहा. प्रबंध रोखला म्हणून आधी झालेली खुली व्हायवा पुसली जात नाही. आणि प्रबंधातला सगळा शोध अर्जात आला असेल, तर दुसऱ्या दिवशीसुद्धा प्रबंध खुला करायला हरकत नाही. अर्ज दाखल झाल्यावरही कोणी वर्षभर प्रबंध अडवत असेल, तर ते कशासाठी, हे त्यांना लेखी विचारा.