डॉलर उतरला, फटका कुठे बसला?

[पडद्यावर: गोदामात रचलेले खोके, बाजूला उघडा लॅपटॉप]

पंपांचे सुटे भाग विकणारी ही एक छोटी व्यापारी कंपनी. हिशेब युरोत आणि माल घ्यायचा तोही युरोत. काही ग्राहक मात्र अमेरिकेत आहेत आणि त्यांना बिल डॉलरमध्ये जातं. तिथे माल वेळेवर पोचावा म्हणून कंपनीने एक लहानशी उपकंपनीही काढली आहे. तिच्याकडे एक गोदाम आणि थोडा साठा आहे. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत, पण त्यांच्यामागचं गणित खरं आहे.

ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकन ग्राहकाने भाव विचारला. त्या दिवशी एका युरोला १.१० डॉलर पडत होते. कंपनीने १ लाख १० हजार डॉलरचं कोटेशन दिलं, म्हणजे बरोबर १ लाख युरो. मालाचा खर्च ९२ हजार युरो, त्यामुळे नफा ८ हजार. नोव्हेंबरच्या मध्यावर माल निघाला आणि बिल गेलं. मुदत ९० दिवसांची.

[पडद्यावर: बिल, त्यावर फक्त डॉलरची रक्कम]

फेब्रुवारीत पैसे आले, पूर्ण आणि वेळेवर. पण तोवर एका युरोला १.२० डॉलर पडू लागले होते. त्या दराने १ लाख १० हजार डॉलरचे झाले ९१ हजार ६६७ युरो. ग्राहक चोख, माल चोख, तरी व्यवहारात ३३३ युरोचा तोटा. याला म्हणतात ट्रान्झॅक्शन एक्स्पोजर, म्हणजे व्यवहारातली जोखीम. रक्कम परकीय चलनात ठरून गेली की तिचं आपल्या चलनातलं मोल पैसे हातात पडेपर्यंत हलत राहतं.

लेखापालाला ही हालचाल टप्प्याटप्प्याने दिसली. ३१ डिसेंबरला दर १.१५ होता, म्हणून येणं असलेली रक्कम त्याने ९५ हजार ६५२ युरो धरली आणि ४,३४८ युरोचा विनिमय तोटा त्या वर्षाच्या नफ्यातून वजा केला. उरलेला ३,९८५ पुढच्या वर्षात गेला. जोखीम मात्र वह्यांत दिसते त्याच्या आधीच सुरू झालेली असते. कोटेशन दिल्यापासून ग्राहक ‘हो’ म्हणेपर्यंत कंपनी भावाने बांधलेली होती, ग्राहक नव्हता. कोटेशनवर मुदत न घालणं हा छोट्या कंपन्यांचा सगळ्यात महागडा विसराळूपणा असावा.

बिल गेलं त्याच दिवशी कंपनी बँकेशी फॉरवर्ड करार करू शकली असती: ९० दिवसांनी इतके डॉलर देऊ, दर आजच ठरवा. हा दर बँकेच्या भाकितावर ठरत नाही, तो दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकावर ठरतो. डॉलरचं व्याज युरोपेक्षा वर्षाला २ टक्के जास्त असेल, तर आजचा १.१० चा दर तीन महिन्यांच्या करारात साधारण १.१०५५ होतो. हाती आले असते सुमारे ९९ हजार ५०० युरो. मात्र ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तरी बँकेला डॉलर द्यावेच लागतात. मग ते बाजारभावाने विकत घेऊन द्या.

[पडद्यावर: दोन ताळेबंद शेजारीशेजारी, एक डॉलरमध्ये, एक युरोत]

आता त्याच ३१ डिसेंबरला उपकंपनीकडे पाहू. मालमत्तेतून देणी वजा केली की तिच्याकडे उरतात ३ लाख ३० हजार डॉलर. वर्षात ना नफा, ना तोटा. मूळ कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात मात्र हा आकडा युरोत मांडावा लागतो. मागच्या वर्षअखेरीला १.१० च्या दराने तो ३ लाख युरो होता; यंदा १.१५ ने सुमारे २ लाख ८७ हजार. गोदामातला एक खिळाही हलला नाही आणि १३ हजार युरो गेले. हे ट्रान्स्लेशन एक्स्पोजर, हिशेब एका चलनातून दुसऱ्यात मांडताना येणारी जोखीम.

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २१ प्रमाणे हा फरक नफ्या-तोट्यात जात नाही. तो भागभांडवलाच्या बाजूला वेगळ्या राखीव खात्यात साठतो आणि उपकंपनी विकली तर तेव्हा नफ्या-तोट्यात येतो. नेहमी असं नव्हतं. अमेरिकेत १९७५ सालच्या आठव्या लेखामानकाने असे फरक थेट नफ्यात आणले होते. अनेक कंपन्या मग कागदावरचा आकडा सावरण्यासाठी खऱ्या पैशांचे सौदे करू लागल्या. १९८१ मध्ये ५२ व्या मानकाने ती पद्धत बदलली. कागदी तोटा टाळायला रोख खर्चणं मला आजही उलटं वाटतं. अपवाद एकच: कर्ज देताना बँकेने ‘स्वतःचं भांडवल अमुक रकमेखाली जाता कामा नये’ अशी अट घातली असेल, तर हेच १३ हजार कर्ज परत मागायला निमित्त ठरू शकतात.

[पडद्यावर: फेब्रुवारी, दर १.२०]

फेब्रुवारीत मालकाने ठरवलं, यापुढे बिल युरोतच काढायचं. दराची कटकट ग्राहकाच्या गळ्यात. पण त्या ग्राहकाला तोच १ लाख युरोचा माल आता १ लाख २० हजार डॉलरला पडतो आणि त्याच्या शेजारचा अमेरिकन उत्पादक तसाच माल १ लाख १२ हजारांना देतो. पुढची ऑर्डर आलीच नाही. हा फटका बिलावर दिसत नाही, ताळेबंदातही दिसत नाही, कारण न आलेल्या ऑर्डरची नोंद कुठेच होत नाही. हे इकॉनॉमिक एक्स्पोजर: दर बदलल्याने कंपनीच्या पुढच्या कमाईवरच होणारा परिणाम.

तो घरातल्या बाजारातही येतो. कंपनीचा एक ग्राहक युरोतच खरेदी करतो, त्याच्याशी डॉलरचा काही संबंध नाही. पण १.१० च्या दराने त्याच अमेरिकन उत्पादकाचा माल त्याला जवळपास १ लाख २ हजार युरोला पडत होता. आता तो ९३ हजार ३३३ ला मिळतो. आपला भाव १ लाख.

फॉरवर्ड करार इथे कामी येत नाही. तो एका ठरलेल्या रकमेला आणि तारखेला बांधलेला असतो, पुढच्या खेपेला नवा दर. इथे आधी विचारायचं ते असं: भाव वाढवला तर ग्राहक टिकेल का, आपला खर्च कोणत्या चलनात आहे आणि प्रतिस्पर्ध्याचा कोणत्या? आपल्या कंपनीची अडचण मधल्या प्रश्नात आहे. विक्री डॉलरमध्ये, खर्च सगळा युरोत.

समजा तिने खर्चातला ४० टक्के माल डॉलरमध्ये घ्यायला सुरुवात केली असती. १.१० च्या दराने तो भाग ४० हजार ४८० डॉलरचा. १.२० झाल्यावर त्याचे ३३ हजार ७३३ युरोच पडतात. एकूण खर्च ८८ हजार ९३३ वर येतो आणि कोणताही करार न करता ३३३ युरोच्या तोट्याऐवजी २,७३४ युरोचा नफा उरतो. डॉलर वधारला असता तर अर्थात हाच माल महाग पडला असता आणि नफ्यातली वाढ काहीशी खाल्ली असती. शिवाय नवा पुरवठादार शोधून त्याचा दर्जा तपासायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम दर हलायच्या आधीच सुरू करावं लागतं.