टर्मिनस माणूस की ठिकाण?

[पडद्यावर वाक्य उमटते : गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबली.]

या वाक्यातली नावं यंत्राला ओळखायची आहेत. नावाच्या पहिल्या शब्दाला B, पुढच्या शब्दांना I, बाकीच्यांना O. माणूस असेल तर PER, ठिकाण असेल तर LOC. दोन्ही दिशांनी वाक्य वाचणारं एलएसटीएम हे न्यूरल नेटवर्क प्रत्येक शब्दाला प्रत्येक लेबलसाठी गुण देतं. समजा, पहिल्या शब्दाला B चे आणि पुढच्या शब्दांना I चे गुण असे आले :

```
           PER   LOC
छत्रपती     3.0   2.2
शिवाजी      3.5   3.0
महाराज      2.8   2.4
टर्मिनसला    0.5   4.0
```

आता शब्दागणिक सर्वांत जास्त गुणांचं लेबल उचललं, तर पहिले तीन शब्द माणूस होतात आणि चौथा I-LOC, म्हणजे ठिकाणाचा पुढचा भाग. पण ते ठिकाण सुरू कुठे झालं? कुठेच नाही. एलएसटीएमनं शेजारचे शब्द पाहिलेत खरे, पण शेजारच्या शब्दाला कोणतं लेबल मिळालं, हे त्याच्या गावीही नाही.

[चार शब्दांमधून जाणाऱ्या वाटा]

इथे वर सीआरएफचा, म्हणजे कंडिशनल रँडम फील्डचा थर चढवतात. ही पद्धत 2001 साली लॅफर्टी, मॅकॅलम आणि परेरा यांनी मांडली. 2015-16 च्या सुमारास ती एलएसटीएमला जोडली गेली. थर म्हणजे मुळात एक तक्ता : कोणत्या लेबलनंतर कोणतं लेबल आलं तर किती गुण. तो हातानं भरायचा नसतो, प्रशिक्षणात आपोआप शिकला जातो. I-PER नंतर I-LOC उदाहरणांत कधीच येत नाही, म्हणून तिथला आकडा खाली घसरत जातो. तो उणे 6 आहे आणि आपल्याला लागणारे बाकीचे अधिक 1, असं धरू.

मघाची वाट, म्हणजे तीन शब्द माणूस आणि चौथा I-LOC : 13.3 अधिक 2, वजा 6. उरले 9.3. चारही शब्द ठिकाण मानले तर 11.6 अधिक 3, म्हणजे 14.6. संपूर्ण टर्मिनस एकसंध ठिकाण ठरतं. एकेका शब्दावर हरलेली वाट एकूण बेरजेत जिंकते. सगळ्या वाटा मोजत बसावं लागत नाही. व्हिटर्बीची रीत प्रत्येक शब्दापाशी, प्रत्येक लेबलपर्यंतची सर्वोत्तम वाट तेवढी जपून पुढे सरकते.

पण तक्ता फक्त क्रम पाहतो, अर्थ नाही. 'छत्रपती शिवाजी महाराज' माणूस आणि 'टर्मिनसला' नवं B-LOC, हा क्रमही नियमात बसतो. टर्मिनसच्या B-LOC ला भरपूर गुण मिळाले असते, तर हीच चूक थरानं मुकाट्यानं पुढे जाऊ दिली असती.

[पडद्यावर आउटपुटची फाइल]

थर लावूनही बेवारस I भरपूर दिसत असतील, तर आधी आपला कोड तपासावा. बहुतेकदा प्रशिक्षण सीआरएफनं झालेलं असतं, आणि निकाल काढताना मात्र शब्दागणिक सर्वांत जास्त गुणांचं लेबल उचलणारं जुनं `argmax` तसंच राहिलेलं असतं.