शंभरातले पन्नास म्हणजे नेमके कोणते पन्नास?

मघाशी एकांनी विचारलं, "डॉक्टर, तोंडाचे नव्वद टक्के कॅन्सर तंबाखूमुळे होतात ना?" हा आकडा बहुतेक वेळा वॉर्डातून आलेला असतो. रुग्णांना विचारायचं, तंबाखू खायचात का? दहातले नऊ हो म्हणाले की झाले नव्वद टक्के. पण तंबाखू खाणाऱ्याला झालेला कॅन्सर आणि तंबाखूमुळे झालेला कॅन्सर, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साथरोगशास्त्रात ह्या दुसऱ्या गोष्टीला पॉप्युलेशन अ‍ॅट्रिब्युटेबल फ्रॅक्शन म्हणतात. आपण सरळ 'तंबाखूचा वाटा' म्हणू. फळ्यावर एक जिल्हा मांडतो. प्रौढ माणसं दहा लाख. त्यातली पाव, म्हणजे अडीच लाख, तंबाखू खातात. हे मी हवेतून घेतलेलं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ चघळण्याची किंवा मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले. पुढचे आकडे मात्र सोयीसाठी धरलेले आहेत. न खाणाऱ्यांत वर्षाला लाखामागे दहा जणांना तोंडाचा कॅन्सर होतो, खाणाऱ्यांत पाचपट, म्हणजे पन्नास.

साडेसात लाख न खाणाऱ्यांत ७५ रुग्ण, अडीच लाख खाणाऱ्यांत १२५. एकूण दोनशे. जिल्ह्यात कुणीच कधी तंबाखू तोंडात घातली नसती, तर दहा लाखांत शंभर झाले असते. म्हणजे वाटा पन्नास टक्के. वॉर्डात विचारलं असतं तर १२५ जणांनी हो म्हटलं असतं, साडेबासष्ट टक्के. मधले जे २५ आहेत ते तंबाखू खातात खरे, पण न खाता त्यांनाही हा आजार झालाच असता. ते पंचवीस कोणते, हे कुणालाही सांगता येत नाही. समोरच्या रुग्णाला "तुझा कॅन्सर तंबाखूचाच" असं ह्या गणिताच्या जोरावर म्हणता येत नाही.

मग उरलेले पन्नास टक्के दुसऱ्या कशाचे? इथे बहुतेक जण घसरतात, आम्ही डॉक्टरसुद्धा. वाटे शंभरात बसलेच पाहिजेत असं नाही. दहा रुग्ण घ्या. समजा तिघांना तंबाखू पुरली, दोघांना सुपारी पुरली, चौघांना दोन्ही एकत्र असल्यामुळेच रोग झाला, आणि एकाचं कारण वेगळंच. तंबाखू नसती तर तीन अधिक चार, सात वाचले असते. सुपारी नसती तर दोन अधिक चार, सहा. सत्तर आणि साठ, एकशे तीस टक्के! चूक कुठेच नाही. ते चौघे दोन्हीकडे मोजले गेले, कारण कोणतीही एक दोरी कापली तरी ते सुटत होते.

ही सुपारी आपल्याकडे फार महत्त्वाची. तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच नोंदवलंय. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली आणि टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी मिळू लागली. उद्या तंबाखूची पुडी खरंच गेली आणि लोक मसाल्याच्या दोन पुड्या खाऊ लागले, तर आपले पन्नास टक्के कागदावरच राहतील. हे गणित बाकी सगळं होतं तसंच राहील असं धरून चालतं.

आणखी एक गोम. आपण 'कधीच खाल्ली नसती तर' असं मोजलं. 'उद्यापासून सोडली तर' असं नाही. वीस वर्षं चघळलेलं तोंड सोमवारी कोरं होत नाही. धोका उतरतो, पण वर्षांच्या हिशेबाने. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड दोन बोटांपुरतंच उघडत असेल, तर सोडल्यावरही ते सहसा पूर्ववत होत नाही, आणि कॅन्सरचा धोका मागे राहतोच. शाळेतल्या मुलांनी पुडी हातातच घेतली नाही, तर त्याचा पूर्ण परिणाम रुग्णसंख्येत दिसायला दोन-तीन दशकं लागतील. पाच वर्षांनी आकडा हलला नाही म्हणून कार्यक्रम फसला असं ठरवणं हे वाट्याचा अर्थ न कळल्याचं लक्षण.

आणि वॉर्डातला तो साडेबासष्टचा आकडा टाकून देऊ नका, त्याचं काम वेगळं आहे. पुढच्या वर्षीचे दोनशेपैकी १२५ रुग्ण आज अडीच लाख तोंडांत आहेत, आणि ती तोंडं आपल्याला ओळखता येतात. तिरुवनंतपुरमच्या चाचणीत आरोग्यसेवकांनी गावोगाव टॉर्च लावून तोंडं तपासली. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. ह्या लोकांना तंबाखूचा वाटा पन्नास की सत्तर ह्याने काही फरक पडत नव्हता. त्यांच्या गालातला पांढरा चट्टा वेळेत दिसला होता.