पन्नास पौंड, एक माणूस, एक महिना

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर संपूर्ण पान. कॅमेरा सावकाश आत सरकतो.]

एखाद्या जुन्या गोधडीला शेकडो ठिगळे लावावीत, तसे हे पान दिसते. यात लाल-पिवळी चित्रे आहेत, वाचताही येणार नाहीत इतकी बारीक अक्षरे आहेत, आणि कुठेही मांडणीचा मेळ नाही. ‘मिलियन डॉलर होमपेज’ नावाचे हे पान 26 ऑगस्ट 2005 रोजी इंटरनेटवर आले. ते तयार करणारा अ‍ॅलेक्स ट्यू तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात राहत होता. नॉटिंगहॅम विद्यापीठातला त्याचा तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू व्हायला जेमतेम महिना उरला होता, आणि शिक्षणासाठी घेतलेले कर्ज पुढची कित्येक वर्षे डोक्यावर राहील, ही त्याची काळजी होती.

[दृश्य: रात्र. टेबलावर दिव्याखाली कोरी वही आणि पेन. ही पुनर्रचना आहे.]

ऑगस्टमधल्या एका रात्री त्याने वही घेतली आणि त्या पानावर कल्पना लिहिण्याआधी अटी लिहिल्या. कल्पना कोणालाही चटकन समजेल इतकी सोपी असावी आणि उभी करायलाही सोपी असावी. वर्तमानपत्रांना तिच्याविषयी लिहावेसे वाटावे. तिला चांगले नाव असावे. या लिहिलेल्या अटींच्या मागे न लिहिलेल्या तीन अटी होत्या, आणि आमच्या मते खरे काम त्यांनीच केले: हातात पैसे नव्हते, मदतीला माणूस नव्हता आणि वेळ महिनाभराचाच होता.

[दृश्य: वहीवर एकेक शब्द लिहिला जातो आणि त्यावर रेघ मारली जाते.]

पैसे नाहीत म्हटल्यावर माल विकत घेऊन तो विकण्याचे सगळे धंदे बाद होतात, कारण साठा करायलाच भांडवल लागते. माणूस नाही म्हटल्यावर ज्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक नवे काम घेऊन येते, तो धंदाही बाद होतो. शिकवण्या, दुरुस्ती, घरपोच सेवा, दुसऱ्यांची संकेतस्थळे बांधून देणे, या सगळ्यांत गिऱ्हाइके वाढली की एकटा माणूस गुदमरतो. तिसरी अट सर्वांत कडक आहे. महिनाभरात स्वतःचा वाचकवर्ग उभा राहत नाही, आणि जाहिरात करायला पैसे नाहीत हे आधीच ठरलेले आहे. तेव्हा आता एवढेच उरते की विकायची वस्तू स्वतःच बातमी झाली पाहिजे. बंधन खरे आहे की नुसते शोभेचे, हे ओळखण्याची खूण इथेच सापडते: खरे बंधन वहीतल्या काही ओळी खोडून टाकते. कार्यशाळांमध्ये ‘मोकळेपणाने विचार करा’ असे सांगून जो कोरा कागद हाती देतात, त्यावरची एकही ओळ खोडली जात नाही, आणि म्हणूनच त्यातून बहुधा तीच ती खाद्यपदार्थांची आणि टी-शर्टांची दुकाने निघतात.

[दृश्य: पानाचा एक कोपरा अनेक पटींनी मोठा होतो. एकच चौकोन पडदा व्यापतो.]

रेघा मारून झाल्यावर जे उरले, ते होते पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका. हजार ठिपके आडवे आणि हजार उभे घेतले की दहा लाख होतात, आणि जाहिरातीची जागा म्हणून एका ठिपक्याला एक डॉलर भाव लावला की दहा लाख डॉलर होतात. भाव पौंडांत न लावता डॉलरमध्ये लावला, कारण इंटरनेटवर ब्रिटिशांपेक्षा अमेरिकी लोक जास्त होते, आणि ‘मिलियन डॉलर’ हे शब्द तर नावातच हवे होते. मात्र एकटा ठिपका डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर चित्रही मावत नाही, म्हणून निदान शंभर ठिपके घेण्याची अट घातली. आत्ता पडद्यावर आहे तो असाच दहा बाय दहाचा चौकोन आहे, आणि त्याची किंमत शंभर डॉलर होती. एवढ्या जागेत दोन अक्षरेसुद्धा कशीबशी बसतात, तरी असे दहा हजार चौकोन विकायला ठेवले गेले. चित्र खरेदीदाराने द्यायचे, आपल्या संकेतस्थळाचा पत्ता त्यानेच द्यायचा, आणि त्या चौकोनावर माऊस नेल्यावर दिसणारी ओळही त्यानेच द्यायची. म्हणजे माल घडवण्याचे काम गिऱ्हाईकच करत होते, आणि नोकर नसल्याची अडचण अशी परस्पर सुटली. डोमेनचे नाव आणि साधे होस्टिंग मिळून खर्च आला तो फार तर पन्नास पौंड.

[दृश्य: पान रिकामे. मग एकेक चौकोन भरत जातो. तारखा खाली सरकतात.]

पहिली विक्री तीन दिवसांनी झाली. संगीताचे संकेतस्थळ चालवणाऱ्या एका मित्राने वीस बाय वीसचा, म्हणजे चारशे ठिपक्यांचा तुकडा घेतला. दोन आठवड्यांत मित्र आणि नातेवाईक मिळून 4,700 ठिपके विकत घेऊन गेले. या आकड्याकडे जरा सावधपणे पाहायला हवे, कारण ओळखीच्या माणसाने दिलेले पैसे म्हणजे कल्पना चालल्याचा पुरावा नव्हे. तो आपल्या भिडेखातर देतो. त्या पैशांचा खरा उपयोग वेगळाच झाला. पहिले हजार डॉलर जमल्यावर एक प्रसिद्धीपत्रक काढले गेले, आणि पान रिकामे नसल्यामुळे त्यात सांगण्यासारखे काही होते. बीबीसीने ती बातमी घेतली, तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळांवर लेख आले, आणि अनोळखी जाहिरातदार येऊ लागले. बातमी वाचून लोक पान पाहायला येत, लोक येतात म्हणून जाहिरातदार चौकोन घेत, आणि चौकोन भरत गेले की तीच पुन्हा नवी बातमी होई. सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे सुरुवातीपासून पाच आठवड्यांच्या आत, जमा झालेली रक्कम अडीच लाख डॉलर होती.

[दृश्य: भरत आलेले पान. उजव्या बाजूला शेवटची रिकामी जागा.]

शेवटचे हजार ठिपके 1 जानेवारी 2006 रोजी ईबेवर लिलावाला ठेवण्यात आले. ठरलेल्या भावाने त्यांचे हजार डॉलर आले असते, पण जागा संपत आली की तिची किंमत बदलते, आणि अखेरची बोली 38,100 डॉलरवर थांबली. एकूण जमा 10,37,100 डॉलर झाली. याच दिवसांत खंडणीची धमकी देऊन संकेतस्थळावर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद पडले; ट्यूने पुढे विद्यापीठही सोडले.

[दृश्य: एकामागून एक नकला. तशीच पाने, बहुतेक रिकामी.]

हीच कल्पना उचलून पुढच्या काही महिन्यांत कितीतरी पाने निघाली, आणि त्यांत चौकोन, भाव, जाळी सगळे तेच होते. ती चालली नाहीत, कारण ठिपके कोणालाच नको होते. लोकांनी विकत घेतले होते ते आधी कधीच न घडलेल्या एका गोष्टीतले स्थान, आणि ती गोष्ट दुसऱ्यांदा घडल्यावर तिची बातमी होत नव्हती. खुद्द ट्यूने 2006 च्या अखेरीस ठिपक्यांच्या जोडीला बक्षिसाची सोडत ठेवून दुसरे पान काढले, तेही पहिल्याच्या जवळपास पोहोचले नाही. इतक्या कडक बंधनांतून निघालेली कल्पना बहुधा त्या एकाच कुलपाची किल्ली असते.

[दृश्य: पुन्हा मूळ पान. माऊसचा बाण एका चौकोनावर जातो आणि थांबतो.]

2017 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयातल्या अभ्यासकांनी या पानावरचे 2,816 दुवे तपासले, तेव्हा 547 दुवे कुठेच उघडत नव्हते. आत्ता ज्या चौकोनावर बाण आहे, तो आम्ही चित्रीकरणाच्या वेळी तीनदा दाबला.

[दृश्य: पांढरा पडदा. ‘हे पान उपलब्ध नाही’. दहा सेकंद, निवेदन नाही.]