उडालेला सदरा आणि उन्हातला चेहरा

मंडळी, आज एकाच फोटोबद्दल बोलणार आहे. पैठणला नाथषष्ठीच्या वेळी, गोदावरीच्या घाटावर भर दुपारी काढलेला. साठी ओलांडलेले एक बाबा, डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा, कपाळाला बुक्का आणि गोपीचंदन. चेहरा उन्हानं रापलेला. मी त्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलं. चेहरा मनासारखा आला आणि सदरा उडाला. वीण नाही, बटनपट्टी नाही, खिशाची शिलाईसुद्धा नाही.

हे होणारच होतं. पांढरं धुतलेलं कापड रापलेल्या कातडीच्या तीन-चार पट प्रकाश परत फेकतं, म्हणजे जवळजवळ दोन स्टॉपचं अंतर. चेहरा मधल्या उजेडावर बसवला की सदरा सेन्सरच्या काठावर जातो.

आता आपण सगळे हमखास एकच गोष्ट करतो. लाइटरूममध्ये Highlights थेट उणे १००. सदरा परत येतो, पण बाबांच्या चेहऱ्याला राख फासल्यासारखं होतं. कारण कपाळ, नाक, गालाचं हाड यांच्यावरची चकाकीही त्याच उजळ पट्ट्यात असते. चेहऱ्याला उठाव देते ती हीच चकाकी. ती ओढून घेतली की चेहरा सपाट होतो. मग आपण Shadows वाढवतो आणि तो आणखी सपाट होतो. मी अशी कितीतरी माणसं बिघडवली आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सगळ्या फोटोचा Highlights मी आता शून्यावरच ठेवतो.

आधी कापडात काही शिल्लक आहे का ते बघायचं. Exposure तात्पुरता उणे २ करा. फोटो काळवंडेल, पण सदऱ्याकडेच बघा. वीण उगवली तर माहिती आहे. नुसता एकसारखा करडा ठिपका दिसला तर तिथे काहीच नाही. बघून झालं की स्लायडरच्या नावावर डबल क्लिक करून शून्यावर आणा.

रॉ फाइलमध्ये हे का जमतं? उन्हात सेन्सरची हिरवी वाहिनी साधारणपणे आधी भरते, लाल आणि निळ्या वाहिनीत थोडी जागा उरते. सॉफ्टवेअर त्या दोघींवरून हिरव्याचा अंदाज बांधतं. पांढऱ्या कापडात तिन्ही रंग जवळपास सारखेच असायला हवेत, त्यामुळे हा अंदाज बरोबर बसतो. कातडीत लाल जास्त, निळा कमी. तिथे असा अंदाज फसतो आणि चेहऱ्यावर पिवळट डाग येतो. म्हणून कापड थोडं उडालं तर चालेल, गाल उडता कामा नये. जेपेगमध्ये तर ही उरलेली जागा जवळजवळ नसतेच.

आता बाबांचा सदरा. Exposure चेहऱ्याला बघून ठरवला. मग ब्रशनं सदऱ्यावर मोकळा हात फिरवला, मानेजवळ थोडा बाहेर गेला तरी हरकत नाही. त्या मास्कच्या मेन्यूतून Intersect Mask With, मग Luminance Range, आणि पट्टा साधारण ८० ते १०० असा धरला. मानेची सावळी कातडी आपोआप बाहेर पडली. पण बाबांची पांढरी दाढी सदऱ्यावर उतरलेली होती, ती आत राहिली. ती Subtract घेऊन ब्रशनं पुसावी लागली. O दाबला की मास्कचा लाल रंग दिसतो, त्यात दाढी तपासून घ्या. टोपीसाठी वेगळा मास्क केला, आणि त्यात कपाळावरचं गोपीचंदन येऊ दिलं नाही.

मास्कमध्ये Highlights उणे ६०, Exposure उणे ०.४५. कर्सर छातीवर नेला तर हिस्टोग्रामखालचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे १०० होते ते ९३ वर आले, घड्यांमध्ये ८५ च्या आसपास. गालाचा लाल आकडा आधीही ७२, नंतरही ७२. चेहऱ्याला धक्का लागलेला नाही याचा हाच पुरावा. मग Texture अधिक २५, त्यानं वीण उठली. Clarity मी इथे लावत नाही, घड्या मळकट दिसतात. छाती ८० च्या खाली गेली असती तर सदरा करडा वाटला असता, आणि बाबा त्या दिवशी स्वच्छ धुतलेला सदरा घालून आले होते. घड्यांत आकाशाची निळसर झाक उरली होती, ती मास्कमधल्या Saturation उणे २० नं गेली.

उजव्या खांद्यावर तळहाताएवढा भाग मात्र आला नाही. कर्सर कुठेही न्या, तिन्ही आकडे तेच. तो खाली ओढला असता तर खांद्यावर करड्या कागदाचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसला असता. तेवढा भाग मी मास्कमधून पुसला, कडा मऊ ठेवली आणि पांढराच राहू दिला. दुपारी ऊन तिथेच पडलं होतं.