पंधरावा मॉप: ओटीतली मोजणी कधी आणि कशी करायची

(ठाण्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर एका ज्येष्ठ ओटी सिस्टरने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ सालची. तिचे तीन टप्पे तुम्हाला पाठ आहेत: भूल देण्याआधी साइन इन, चिरा देण्याआधी टाइम आउट आणि रुग्ण ओटीतून बाहेर जाण्याआधी साइन आउट. साइन आउटमध्ये सिस्टरने मोठ्याने सांगायचं असतं की हत्यारं, मॉप, गॉझ आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाली. त्यावरून अनेकांचा समज होतो की मोजणी शेवटी करायची. तोवर पोट बंद झालेलं असतं. तेव्हा एक मॉप कमी निघाला, तर शिवलेलं पुन्हा उघडावं लागेल. म्हणून प्रत्यक्ष मोजणी त्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. साइन आउटला आपण फक्त तिचा निकाल जाहीर करतो.

एक केस घेऊ. पावसाळ्यातली संध्याकाळ, तातडीचं सिझेरियन. स्क्रब सिस्टर आणि फ्लोअर सिस्टर चिरा देण्याआधी दोघी मिळून मोजतात. पाच-पाच मॉपची दोन पाकिटं. प्रत्येक मॉप वेगळा करून, टेप ओढून पाहून, मोठ्याने: एक, दोन, तीन. पाकिटावर पाच छापलंय म्हणून पाच धरायचे नाहीत. चार किंवा सहा निघाले, तर ते अख्खं पाकीट बाजूला काढून पिशवीत बांधायचं, वापरायचं नाही. फळ्यावर आकडा चढतो: दहा. रक्तस्राव वाढला म्हणून तिसरं पाकीट येतं. तेही दोघींनी मोजायचं, आणि मगच फळ्यावर पंधरा.

मध्येच आठ वाजतात, पाळी बदलते. गाड्या उशिरा धावतायत, मुंब्र्याहून येणारी सिस्टर धावतपळत पोचते आणि जाणारीला निघायची घाई असते. इथे फळ्यावरचा आकडा नुसता वाचून ताबा घेऊ नका. टेबलावर, ट्रॉलीवर, बादलीत काय आहे ते नव्या सिस्टरने स्क्रब सिस्टरबरोबर मोजावं. पोटात असलेले मॉप मोजता येत नसतील, तर ते किती आहेत हे विचारून घ्यावं.

गर्भाशय शिवण्याआधी एक मोजणी, कारण ती पोकळीच्या आतली पोकळी आहे. दुसरी पोट बंद करण्याआधी. क्रम ठरलेला ठेवा: आधी शस्त्रक्रियेची जागा, मग मेयो ट्रॉली, मागची मोठी ट्रॉली, शेवटी किक बकेट. वापरलेले मॉप मॅकिंटॉशवर पाच-पाचच्या ओळीत पसरून ठेवा. रक्ताने भिजलेले दोन मॉप एकमेकांना चिकटले, की एकच दिसतात.

आपल्या केसमध्ये पोट बंद करण्याआधीची मोजणी चौदावर थांबते. स्क्रब सिस्टर म्हणते, “सर, एक मॉप कमी आहे.” “मला वाटतं, कदाचित” असं काही नाही. सर म्हणतात, “आत काही नाही, मी पाहिलंय.” ती पुन्हा सांगते, “मोजणी जुळत नाही, कृपया एकदा हात घालून बघा.” रुग्ण स्थिर असेल तर शिवण थांबते. सर्जन गर्भाशयाच्या मागे, दोन्ही कडांना आणि मूत्राशयाच्या घडीजवळ चाचपतात. त्याच वेळी फ्लोअर सिस्टर ड्रेपच्या घड्या, टेबलाखालची जमीन, कचऱ्याच्या पिशव्या, बाळ ज्यात गुंडाळून नेलं ती कापडं बघते. मॉप सापडतो वारेच्या भांड्यात, रक्ताच्या गाठींखाली. मावशींनी भांडं आधीच बाहेर नेलं असतं, तर? म्हणूनच अंतिम मोजणी जुळेपर्यंत ओटीतून कचरा, कापड, भांडं काहीच हलवायचं नाही.

सापडला नसता, तर रुग्णाला हलवण्याआधी टेबलावरच एक्स-रे. मॉपमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा असतो तो यासाठीच. तंत्रज्ञाला नेमकं काय शोधतोय ते सांगा आणि फिल्ममध्ये पोटाचा पूर्ण भाग आल्याची खात्री करा. ड्रेसिंगला मात्र असा धाग्याचा गॉझ कधीच लावू नका, नाहीतर नंतरच्या एक्स-रेत तो आत राहिल्यासारखा दिसेल. काय कमी होतं, कुठे शोधलं, कोणाला सांगितलं, एक्स-रेत काय दिसलं, हे सगळं नोंदीत हवं.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, ज्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली आत राहिलेल्या वस्तूंच्या प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती, त्यांतल्या बहुतेकांत ती बरोबर असल्याचीच नोंद होती. हे कसं घडतं? पाकिटात सहा मॉप होते, आपण न मोजता पाच लिहिले. आत एक राहिला, बाहेर पाच आले, हिशोब जुळला. पहिली मोजणी चुकली की शेवटची ती चूक झाकते.

रक्तस्राव थांबवायला कधी कधी मॉप मुद्दाम आत ठेवून पोट तात्पुरतं बंद करतात. तेव्हा “मोजणी बरोबर” एवढंच लिहून भागत नाही. किती ठेवले आणि कुठे, ते लिहा आणि आयसीयूच्या सिस्टरला तोंडीही सांगा. रुग्ण परत ओटीत येईल तेव्हा काढलेले मॉप त्या आकड्याशी ताडा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. त्या दिवसाच्या नव्या मोजणीत ते मिसळू देऊ नका.